ईपीओची सुई की उटीचा महिना?

दोन वर्षांपूर्वी मॅरेथॉनची तयारी करताना ओळखीच्या एका धावपटूने मला बाजूला घेऊन विचारलं, "ईपीओ घेणार का? दीड महिन्यात फरक दिसेल." त्याच सुमारास मी उटीला चार आठवडे राहायचा विचार करत होतो. दोन्हींचा हेतू एकच, तांबड्या पेशी वाढवायच्या. मी उटी निवडली. जो कुणी आज याच विचारात असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय.

मुळात दोन्ही वाटा एकाच संप्रेरकाच्या आहेत. उंचीवर प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, सोडतात आणि अस्थिमज्जा जास्त पेशी बनवायला लागते. सुईतून तेच संप्रेरक बाहेरून मिळतं. फरक लगामाचा आहे. रक्तात पुरेशा पेशी झाल्या की मूत्रपिंड हात आखडतं. सुई मात्र पेशी किती झाल्या ते बघत नाही.

परिणामाचं म्हणाल तर सुई पुढे आहे, हे मान्य करायला हवं. उटी २,२४० मीटरवर आहे. तिथे संप्रेरक पहिल्या दिवशीच वाढतं, पण खऱ्या पेशी जमायला तीन-चार आठवडे जातात आणि वाढ थोडीच होते. काहींना तर जाणवतही नाही. शिवाय महिनाभराची रजा, राहण्याचा खर्च आणि पहिला आठवडा धड झोप नाही. खाली आल्यावर काही आठवड्यांत कमाई ओसरते. तरी परतल्यावर पुण्यात तळजाईच्या चढावर मला जे जाणवलं ते माझ्यापुरतं पुरेसं होतं. जिथे नेहमी बोलणं बंद व्हायचं, तिथे मी सोबत्याशी गप्पा मारत होतो.

माझा निर्णय पक्का झाला तो हिमॅटोक्रिटच्या कटकटीमुळे. रक्तात पेशींचा वाटा किती टक्के, तो हा आकडा. उटीला जाण्याआधी माझा ४४ होता, चौथ्या दिवशी ४७. नव्या पेशी इतक्या लवकर येत नाहीत. उंचीवर रक्तातलं पाणी कमी झालं होतं, एवढंच.

आता हेच सुई घेतलेल्या माणसाबाबत मांडून बघा. पाच लिटर रक्तात सव्वादोन लिटर पेशी म्हणजे ४५ टक्के. शर्यतीत घामावाटे ४०० मिलिलिटर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गेला तर ४९. पण पेशी आधीच २.६ लिटर आणि रक्त ५.२ लिटर, म्हणजे ५० टक्के असतील, तर तेवढ्याच घामाने आकडा ५४ वर जातो. पन्नाशीच्या पुढे रक्ताचा दाटपणा झपाट्याने वाढतो, गुठळीचा धोका वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे सुई घेणाऱ्याने रोज स्वतःच्या रक्तावर पहारा ठेवायचा, तोही पाणी प्यायलं की बदलणाऱ्या आकड्याच्या भरवशावर. मला ते जमणार नव्हतं.

माझे मामा डायलिसिसवर आहेत. त्यांना हेच इंजेक्शन मिळतं, मामी ते थर्मासमध्ये बर्फ घालून आणतात. मी डॉक्टरांना विचारलं, हिमोग्लोबिन अकरापाशीच का थांबवता? कारण असं की, २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन साडेतेराच्या आसपास न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा मृत्यू आणि हृदयाचे त्रास वाढले होते. ज्यांच्यासाठी औषध आहे, त्यांनाही ते इतकं हात राखून देतात.

सायकलिंगमध्ये १९९७ साली पुरुषांसाठी ५० टक्क्यांची मर्यादा आली, तेव्हा खेळात बंदी असलेलं ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणून ती आरोग्य तपासणी होती: मर्यादा ओलांडली तर पंधरा दिवस सायकल बंद, दोष सिद्ध नाही. १९९९ च्या जिरो या इटलीतल्या मोठ्या सायकल शर्यतीत अंतिम विजयाच्या उंबरठ्यावर असलेला मार्को पंतानी याच नियमाने बाहेर पडला. नियमाला दोन्ही बाजूंनी भोकं होती. फिनलंडचा स्कीपटू ईरो मांतिरांता जन्मतःच एका जनुकीय बदलामुळे या मर्यादेच्या बराच वर होता, आणि दुसरीकडे सलाईन टोचून आकडा खाली आणता येत असे.

आता जैविक पासपोर्ट, म्हणजे खेळाडूच्या रक्ताच्या नोंदी सतत ठेवायच्या पद्धतीत, खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या रक्ताशी होते. सुई थांबवली की हिमोग्लोबिन वर राहतं आणि कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, जवळपास नाहीशा होतात, कारण मज्जेला काम उरत नाही. उंचीवरून परतल्यावरही असं होतं, पण सौम्य.

प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, आणि रजा मिळणं सोपं नाही, हे मला कळतं. पण उटीला जाणार असाल तर आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. लोह नसेल तर मज्जा पेशी बनवणार कशाच्या? पहिल्या खेपेला माझं कमी निघालं, पण कळलं ते तिसऱ्या आठवड्यात.