भूतकाळातून वर्तमानात घसरलेली वाक्ये : पेन्सिल, संगणक की दुसऱ्याचा कान?

आठवणी लिहिणारा माणूस एकाच प्रकरणात दोन काळांत वावरत असतो. तो तेव्हाचे सांगतो आणि मध्येच आजच्या जागेवरून तेव्हाकडे पाहतो. हे येणेजाणे हेतुपुरस्सर असेल तर तो लेखनाचा दोष नव्हे. प्रश्न उरतो तो नकळत झालेल्या घसरणीचा, आणि ती पकडण्याचे तीन मार्ग माझ्या वापरात आहेत : छापील कागदावर दोन रंगांच्या पेन्सिली, संगणकातील शोध आणि दुसऱ्याला वाचून दाखवणे. तिन्ही करायला वेळ नसेल तर कोणता निवडावा, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी मी एकच उतारा तिन्ही मार्गांनी तपासून दाखवतो.

उतारा म्हापशाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींतला आहे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांच्या परवानगीने तो थोडा आटोपशीर करून देतो.

“जुलै 1986 मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा मी पणजीत शिकवत होतो आणि राहायला म्हापशाला होतो. बेतीच्या धक्क्यावर सकाळी सातपासून रांग लागायची. रांगेत शाळेची मुले, मासे विकणाऱ्या बायका, सरकारी नोकर. फेरी धक्क्याला लागते. लोक धावत सुटतात. कुणाचे तरी कोपर लागून माझा डबा खाली पडला. उचलून पाहिला, तर झाकण नाही. समोर सचिवालयाची इमारत दिसते. घरून निघताना आईने सांगितले होते की बाबा आज मुंबईहून येत आहेत. आजही त्या धक्क्यावरून जाताना मला ओल्या दोरखंडाचा वास येतो.”

आधी पेन्सिलीचा मार्ग. प्रकरण दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून छापावे आणि अर्थाकडे लक्ष न देता प्रत्येक वाक्याच्या मुख्य क्रियापदाखाली रेघ ओढावी, भूतकाळाला लाल आणि वर्तमानकाळाला निळी. ‘जाताना’, ‘लागून’, ‘पाहून’ अशी रूपे स्वतःचा काळ सांगत नाहीत, ती सोडून द्यावीत. ज्या वाक्याला क्रियापदच नाही, तिथे समासात साधा ठिपका द्यावा. मराठीत अशी वाक्ये सर्रास येतात आणि त्यांना शेजारच्या वाक्याचा काळ लागतो. वरच्या उताऱ्यात ‘रांगेत शाळेची मुले…’ हे वाक्य तसे आहे. त्याच्या आधी ‘लागायची’ आहे आणि नंतर ‘लागते’, आणि घसरण नेमकी याच बिनक्रियापदाच्या वाक्यावरून पुढे गेली आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक घसरणी अशा ठिपक्याच्या लगेच पुढे सापडतात, कारण लिहिणाऱ्याच्या हातातून काळाचे सूत्र तिथे क्षणभर सुटलेले असते.

रेघा ओढून झाल्यावर कागद हातभर दूर धरावा. लाल रंगात निळी बेटे दिसतात. ज्या बेटाच्या काठावर ‘आजही’, ‘अजूनही’, ‘हे लिहिताना’ असा शब्द आहे, ते बहुधा जाणूनबुजून केलेले असते. ज्याच्या काठावर काहीच नाही आणि जे दोनतीन वाक्यांत संपते, ते संशयास्पद. ‘आता’ या शब्दावर मात्र विसंबू नये, कारण मराठी कथनात ‘आता पाऊस थांबला होता’ हे वाक्य शुद्ध भूतकाळातले आहे.

या उताऱ्यात निळ्या रेघा सहा आहेत. ‘लागते’ आणि ‘सुटतात’ हे पहिले बेट. इथे चूक काय आहे, हे नीट पाहायला हवे, कारण तीच चूक आठवणींच्या लेखनात सर्वांत जास्त आढळते. ‘रांग लागायची’ हे रोजचे आहे. ‘डबा खाली पडला’ हे एकाच दिवशीचे आहे. रोजच्या सवयीतून एका विशिष्ट सकाळीत शिरताना वाचकाला एखादी पायरी लागते, आणि सरांनी ती पायरी न बांधता वर्तमानकाळावरून उडी मारली आहे. ‘फेरी धक्क्याला लागते’ हे रोजचे की त्या दिवशीचे, हे वाक्यावरून कळतच नाही. म्हणून नुसते ‘लागते’चे ‘लागली’ करून भागत नाही, दिवसही सांगावा लागतो : ‘त्या सोमवारी फेरी धक्क्याला लागली आणि लोक धावत सुटले.’

‘उचलून पाहिला, तर झाकण नाही’ यातील ‘नाही’ला मी निळी रेघ दिली, पण हे वाक्य निर्दोष आहे. ‘पाहिले तर’ या रचनेनंतर जे दिसले ते वर्तमानात सांगणे ही मराठीची जुनी सवय आहे आणि ‘झाकण नव्हते’ केल्यास दचकण्याचा क्षणच जातो. ‘बाबा येत आहेत’ हेही निर्दोष आहे. इंग्रजी व्याकरण पक्के झालेले संपादक इथे हमखास ‘येत होते’ करतात, कारण त्या भाषेत मुख्य क्रियापद भूतकाळी असले की आतल्या वाक्याचा काळही सहसा मागे सरकतो. मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचा मूळ काळ टिकतो. तिथे ‘येत होते’ लिहिले, तर बाबा येणार होते पण आले नाहीत, असा भलताच संशय वाचकाच्या मनात येतो.

राहिले ‘इमारत दिसते’. इमारत आजही तिथे आहे आणि बेतीच्या काठावरून आजही दिसते, म्हणून वाक्य खोटे नाही. पण आज तिला लोक जुने सचिवालय म्हणतात. सरांनी नुसते ‘सचिवालय’ लिहिले, म्हणजे नजर 1986 ची आहे आणि क्रियापद आजचे. नाव एका काळाचे आणि क्रियापद दुसऱ्या काळाचे असेल, तर ती घसरण समजावी. इथे ‘दिसत होती’ हवे. शेवटचे ‘येतो’ मात्र ‘आजही’च्या आधारावर नीट उभे आहे.

संगणकाचा मार्ग यापेक्षा पुष्कळ वेगवान आहे. प्रकरणाचा मूळ काळ भूतकाळ असेल, तर फक्त वर्तमानाची रूपे शोधली की पुरते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्याने शोधात पूर्णविराम घालावा. तो घातला नाही, तर ‘तात’ शोधताना ‘हातात’ आणि ‘शेतात’ यांचा ढीग पुढे येतो. लिबरऑफिस रायटरच्या `Find & Replace` मध्ये `Regular expressions` हा पर्याय निवडून मी ही ओळ देतो आणि `Find All` दाबतो :

```
((?<!हो|व्ह)(तो|ते|तात)|आहेत?)\.
```

कंसातला पहिला भाग ‘होतो’, ‘होते’, ‘नव्हते’ ही भूतकाळी रूपे वगळतो. वर्डमधील वाइल्डकार्ड शोधात असे ‘हे किंवा ते’ देता येत नाही, तिथे एकेका शेवटासाठी वेगळा शोध करावा लागतो.

वरच्या उताऱ्यात ही ओळ पाच जागा दाखवते : ‘लागते’, ‘सुटतात’, ‘दिसते’, ‘आहेत’ आणि ‘येतो’. तिन्ही खऱ्या चुका त्यांत आहेत, ही मोठी जमेची बाजू. उणी बाजू अशी की ‘होते’ या रूपाचे दोन अर्थ संगणकाला वेगळे करता येत नाहीत. ‘धक्क्यावर लोक होते’ हा भूतकाळ, तर ‘धक्क्यावर गर्दी होते’ हा वर्तमानकाळ, आणि वर्तमानातले हे ‘होते’ वरच्या शोधातून निसटते. ‘फेरी लागते आणि लोक धावत सुटतात’ असे जोडवाक्य असेल, तर पहिले क्रियापदही निसटते, कारण त्याच्यापुढे पूर्णविराम नाही. नकारासाठी `त नाहीत?\.` असा दुसरा शोध करावा लागतो, म्हणजे ‘येत नाही’ सापडते आणि ‘आला नाही’ हा भूतकाळ बाजूला राहतो. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. संगणक वाक्याचा शेवट दाखवतो, बेटाचा काठ दाखवत नाही. प्रत्येक खुणेवर थांबून मागची चार वाक्ये वाचण्याची शिस्त नसेल, तर माणूस कंटाळून ‘आहेत’चे ‘होते’ करत सुटतो आणि आईचे निर्दोष वाक्य बिघडवतो.

तिसऱ्या मार्गाबद्दल थोडक्यात. सरांनी हे प्रकरण आपल्या मुलीला वाचून दाखवले. तिला एवढेच सांगितले होते की काळाचा गोंधळ वाटला तर हात वर करायचा. ती एकदाच थांबली, ‘इमारत दिसते’वर, आणि म्हणाली, “बाबा, हे तेव्हाचं की आत्ताचं?” ‘फेरी लागते, लोक सुटतात’ तिला मुळीच खटकले नाही. यात तिचा दोष नाही. तोंडी गोष्ट सांगताना आपण सगळेच मध्ये वर्तमानात शिरतो आणि कान त्याला सरावलेला असतो. त्यामुळे निव्वळ ऐकून घसरण शोधायची म्हटले, तर सर्वांत नेहमीची घसरण सुटते. बेट हेतुपुरस्सर केले असेल आणि ते वाचकाला उमगते का हे पाहायचे असेल, तेव्हा मात्र दुसऱ्याच्या कानासारखे साधन नाही.

दहापंधरा पानांचे एक प्रकरण असेल आणि ते खरोखर दोन काळांत फिरत असेल, तर मी निःशंकपणे पेन्सिलीच सुचवेन. मला त्याला दोन ते अडीच तास लागतात. आधी सगळ्या रेघा आणि मग निर्णय, हा क्रम मोडू नये, कारण रेघ ओढताओढताच दुरुस्ती करू लागले की पुढचे बेट दिसत नाही. हातात दोनशे पानांचे पुस्तक असेल, तर संगणकाच्या शोधाने कोणत्या प्रकरणांत निळे जास्त आहे ते पाहावे आणि तेवढीच प्रकरणे कागदावर घ्यावीत. प्रकरण मुळात वर्तमानात सांगितलेले असेल, तर हा शोध निरुपयोगी ठरतो. तिथे ‘ला’, ‘ली’, ‘ले’ असे शेवट शोधावे लागतात, आणि ‘मला’, ‘त्याला’, ‘आपले’ हे शब्दही त्याच शेवटांचे असल्याने यादी फार वाढते. तिथे कागदाला पर्याय नाही.

सरांच्या बाबतीत पुढे असे झाले की निळ्या रेघा पाहून त्यांनी ‘त्या सोमवारी’ हे शब्द घातले, पण क्रियापदे भूतकाळात नेली नाहीत. डबा पडण्याचा सगळा प्रसंग त्यांना वर्तमानातच हवा होता. त्यामुळे ‘लागते’ आणि ‘सुटतात’ तशीच राहिली, ‘दिसते’ही राहिले, आणि ‘पडला’चे ‘पडतो’ व ‘उचलून पाहिला’चे ‘उचलून पाहतो’ झाले. आईचे सांगणे घरातले, म्हणजे प्रसंगाच्या आधीचे, म्हणून त्याचे ‘सांगितले होते’ बदलून ‘सांगितले आहे’ करावे लागले. छापायला दिलेल्या प्रतीत डब्याच्या प्रसंगाआधी एक रिकामी ओळ आहे आणि ‘आजही’च्या आधी दुसरी.