आठ महिने मनगटावर: माझ्या बँडने मला दशावतार बघताना झोपवलं

फिटनेस बँड कुठला, स्क्रीन किती इंचाची, बॅटरी किती दिवस चालते, हे सगळं दुकानदार सांगतोच. मी म्हापशाच्या बाजारात 3,299 रुपये मोजून घेतला, आठ महिने रात्रंदिवस वापरला, आणि मला लिहायचं आहे ते फक्त झोपेच्या रंगीत पट्ट्यांबद्दल. पावलं, फोनचे निरोप, हवामान यावर मी एक ओळही खर्च करणार नाही.

पहिले दोन महिने मी या पट्ट्यांच्या प्रेमात होतो. सकाळी पदेराचा हॉर्न वाजला की पाव घ्यायला उठायच्या आधी फोन बघायचा: गडद निळा म्हणजे डीप, फिका निळा म्हणजे लाइट, जांभळा म्हणजे रेम, स्वप्नांची झोप, नारिंगी म्हणजे जाग. माझी डीप झोप साधारण तासाभराची यायची. पन्नास मिनिटं आली की दिवसभर अंग जड वाटायचं, सव्वा तास आली की विहिरीवरून दोन कळशा जास्त आणायचो. बँकेत पस्तीस वर्षं कॅश सांभाळलेला माणूस मी. आकडा छापलेला दिसला की तो खरा असणार, ही खोड जात नाही.

मग आमच्या गावची जत्रा आली. रात्री अकराच्या पुढे दशावतार सुरू झाला, मी चटई टाकून खांबाला टेकून बसलो आणि आख्यान संपत आल्यावर साडेतीनला घरी आलो. सकाळी ॲप उघडलं तर 12:52 ते 3:20 मी झोपलेलो! बहुतेक फिका निळा, मध्ये चौदा मिनिटं जांभळा. म्हणजे संकासुराच्या सोंगावर मी पोट धरून हसत होतो, तेव्हा बँडच्या मते मला स्वप्नं पडत होती. पखवाज आणि झांजा दहा हातांवर वाजत होत्या, हे वेगळं सांगायला नको.

मी धरून चाललो की बँड बिघडला. पेडण्याहून पणजीच्या सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत 'अपडेट करा', दुसऱ्या फेरीत 'पट्टा घट्ट बांधा', तिसऱ्या फेरीत मी आवाज चढवल्यावर नवा नग. पेट्रोल धरून हा बँड मला चार हजारांवर गेला. नवा नग घालून एका दुपारी मुद्दाम आरामखुर्चीत न हलता पेपर वाचत बसलो. पंचेचाळीस मिनिटांची 'डुलकी' नोंदली गेली. इथे माझं मत पहिल्यांदा बदललं: नग खराब नव्हता, त्याला दिसतंच तेवढं होतं.

त्याला काय दिसतं, ते माझ्या भाचीने समजावलं. ती एका दवाखान्यात झोपेच्या तपासणीची तंत्रज्ञ आहे. बँडखालचा हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकतो. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, ते हिरवा प्रकाश जास्त शोषतं, परत येणारा प्रकाश क्षणभर कमी होतो. अशा दोन घसरणींमधलं अंतर म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर. दुसरा सेन्सर हाताची हालचाल मोजतो. संपला कच्चा माल! मेंदूचा यात संबंधच नाही, आणि झोपेचे टप्पे तर मुख्यतः मेंदूच्या लहरींवरून ठरवलेले आहेत.

मग रंग येतात कुठून? तर अंदाजाने. गाढ झोपेत श्वास एका लयीत चालतो. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांब जातात, आणि ही भरती-ओहोटी नेमाने चालली, हातही हलत नसला, की बँड म्हणतो 'डीप'. रेममध्ये अंगाचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे हालचाल जवळजवळ नसते. पण श्वास अनियमित असतो आणि नाडी वर-खाली होते. शांत हात आणि चंचल नाडी म्हणजे 'रेम'. दशावतारात मी नेमका तसाच होतो: खांबाला टेकलेला, हात मांडीवर, आणि हसून हसून नाडी वर-खाली. या दोन्हींत न बसणारं सगळं 'लाइट'. आमच्या खतावणीत जे कुठेच बसायचं नाही ते 'किरकोळ'मध्ये जायचं, तसा हा फिका निळा.

'आणि मामा, तो घड्याळही बघतो,' भाची म्हणाली. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात येते आणि रेम पहाटेकडे वाढतं. कंपन्या आपलं गणित प्रयोगशाळेत तपासलेल्या रात्रींवर शिकवतात आणि अशा गणितात झोप लागून किती वेळ झाला हेही धरता येतं. म्हणून चित्र कधी विचित्र दिसत नाही. पुस्तकातल्या रात्रीसारखं दिसतं, आणि आपण फसतो.

हे ऐकूनही माझा जीव डीपच्या मिनिटांत अडकलेलाच होता. योगायोगाने बायको माझ्या घोरण्याला कंटाळली आणि भाचीच्याच दवाखान्यात एक रात्र तपासणी ठरली. पैसे जातच होते, तर मी बँड मनगटावर ठेवला. डोक्याला चिकट लेप लावून तारा, डोळ्यांच्या कडेला तारा, हनुवटीवर तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला चिमटा. दिवे बंद साडेदहाला, उठवलं पावणेसहाला. अशा अवस्थेत झोप काय लागणार? पहिली एक्केचाळीस मिनिटं मी छताकडे बघत पडून होतो, आणि दोन वाजता लघवीला उठलो.

त्या रात्रीची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत मोडतात. सव्वासात तासांचे 870 तुकडे झाले. प्रत्येक तुकडा माणूस बघतो. लहरींमध्ये एक बारीक, वेगवान गुंडाळी उठली तर मधली झोप, म्हणजे दुसरा टप्पा. मोठ्या संथ लाटांनी तुकड्याचा पाचवा हिस्सा तरी भरला तर गाढ. डोळे झपझप फिरताहेत आणि हनुवटीचा स्नायू मेल्यासारखा गप्प आहे, तर रेम. मनगटावर यातलं काहीच उमटत नाही.

अहवाल आल्यावर जुनी सवय जागी झाली. दोन रकान्यांची वही आखली, एकीकडे प्रयोगशाळा, दुसरीकडे ॲप. दोन घड्याळांत दोन मिनिटांचा फरक होता, तो लघवीच्या वेळेवरून जुळवला, कारण तेवढी एकच गोष्ट दोघांनीही निर्विवाद पकडली होती. मग मिनिटाला मिनिट लावलं.

एकूण झोप: प्रयोगशाळा 5 तास 22 मिनिटं, बँड 6 तास 31. हा 69 मिनिटांचा फरक जवळजवळ पूर्ण एका चुकीचा आहे. मी 113 मिनिटं जागा होतो, त्यातली 38 बँडने पकडली. उरलेली 75 मिनिटं मी न हलता, डोळे मिटून, बिलाचा विचार करत पडलो होतो. ती त्याने झोपेत जमा केली, बहुतेक फिक्या निळ्यात. उलट मी खरोखर झोपलेलो असताना त्याने मला जागं ठरवलं ते फक्त सहा मिनिटं. म्हणजे झोप ओळखण्यात हुशार, शांत पडलेली जाग ओळखण्यात ढ. निद्रानाश असलेल्या माणसाला हे यंत्र 'छान झोपलात' म्हणणार, हे लक्षात ठेवा.

आता माझं लाडकं डीप. खरं 44 मिनिटं, बँडचं 83. त्या 83 मधली 31 मिनिटंच खऱ्या गाढ झोपेवर पडली होती. बाकी 52 मिनिटं हलकी किंवा मधली झोप होती, ज्यात माझा श्वास बहुधा लयीत चालला असावा. महिनोन्‌महिने ज्या आकड्यावर मी कळशा मोजल्या, त्याचा अर्ध्याहून जास्त भाग हा होता!

रेमने मात्र मला गंडवलंच असतं. खरं 64, बँडचं 68. बेरीज बघून मी शाबासकी देणार होतो. पण मिनिटं लावली तर जुळलेली 41. खऱ्या रेममधली 23 त्याने लाइटमध्ये टाकली आणि दुसरीकडची 27 रेममध्ये ओढली. कॅशमध्ये एका काउंटरला जास्त आणि दुसऱ्याला तितकीच कमी निघाली तर बेरीज जुळते, पण चूक दोन्हीकडे असते. चारही रंग धरून 435 पैकी 248 मिनिटं जुळली, म्हणजे 57 टक्के. ही माझी एक रात्र, तीही तारांच्या जंजाळातली. तुमची वेगळी येईल.

मी विजयी मुद्रेने वही भाचीसमोर टाकली, तर ती हसली. 'मामा, तोच कागद दोन अनुभवी माणसांना दिला तरी सगळे तुकडे जुळत नाहीत. शंभरातले ऐंशी-त्र्याऐंशी जुळले तर ठीक समजतात.' सर्वांत जास्त वाद झोप लागतानाचा पहिला हलका टप्पा कुठला, यावर होतो. म्हणजे रंगांच्या सीमा मुळातच पुसट आहेत. बँडने त्या पट्टीने आखून दाखवल्या, माझी खरी तक्रार ती आहे. 'डीप 1 तास 23 मिनिटं' असं लिहिण्यापेक्षा 'अर्धा ते दीड तास, नक्की माहीत नाही' लिहिलं असतं तर मी तीन फेऱ्या मारल्या नसत्या. पण तसा बँड 3,299 ला कोण घेणार?

एक चांगली गोष्ट लिहायलाच हवी. झोपेतली सरासरी नाडी प्रयोगशाळेत 58, बँडवर 59. इथे तो मोजतो, अंदाज करत नाही, म्हणून बरोबर येतो. एप्रिलमध्ये काजूच्या हंगामात भावाकडे दोन पेले उर्राक झाला; त्या रात्री नाडी रोजच्यापेक्षा नऊ ठोक्यांनी वर राहिली आणि डीप बारा मिनिटांवर आलं. नाडीचा आकडा मी मानतो. बारा मिनिटं मानत नाही, कारण दारूनंतर रात्रीच्या पूर्वार्धात मेंदूतली गाढ झोप वाढूही शकते. वर गेलेली नाडी बघून बँडने उलटा निकाल दिला असेल.

म्हणून सध्या माझा वापर असा: रात्री किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, नाडी किती, आणि एकाच बँडवर महिनाभरात काही सरकलंय का, एवढं बघतो. अपडेट आलं की जुने आकडे जमेस धरत नाही, कारण गणितच बदललेलं असू शकतं. टप्प्यांचं कार्ड ॲपमध्ये खाली ढकललंय.

घोरण्याचं म्हणाल तर श्वास थांबण्याचा सौम्य त्रास निघाला, कुशीवर झोपायला सांगितलंय. बँडने आठ महिन्यांत त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि हो, गेल्या आठवड्यात पट्ट्याची कडी तुटली. नव्या पट्ट्याचे 450 सांगतात. सध्या नोटांच्या बंडलाला लावायचो तो रबर लावलाय, घट्ट बसतो.