पालक, टोमॅटो, कांदा: गोणीवरचे तीन आकडे बघून कोणतं खत घ्यावं?

नाशिककडच्या कृषी सेवा केंद्रात द्राक्षामुळे विद्राव्य खतांची एकेक किलोची पाकिटं रांगेनं मांडलेली असतात: १९:१९:१९, १२:६१:००, ००:५२:३४, १३:००:४५. शेजारी युरिया, डीएपी आणि १०:२६:२६ च्या गोण्या. गुंठा-दोन गुंठ्यांत घरापुरती भाजी करणाऱ्यानं यातलं काय उचलावं, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

आकड्यांचा क्रम कधी बदलत नाही. पहिला नत्र, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश. आणि प्रत्येक आकडा म्हणजे शंभर किलोत तेवढे किलो. म्हणजे १०:२६:२६ च्या ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश. युरियात फक्त नत्र, ४६ टक्के. डीएपी १८:४६:००, म्हणजे त्यात पालाश अजिबात नाही. विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी असतात. हेक्टरात साधारण १०० गुंठे, म्हणून शिफारशीला शंभरानं भागलं की गुंठ्याचा हिशेब हातात येतो.

पालेभाजीला पहिला आकडा मोठा हवा. पालकाचा वाफा कापला की पुढच्या फुटव्यासाठी गुंठ्याला अर्धा किलो युरिया ओलीवर देऊन लगेच पाणी सोडावं, एवढं पुरतं. जास्त पडला तर पान काळपट हिरवं आणि लुसलुशीत होतं, मावा येतो आणि काढलेली जुडी दुपारपर्यंत मान टाकते. मेथीला मात्र हा नियम लावू नका. ती द्विदल कुळातली, मुळांच्या गाठींत स्वतःच नत्र बांधते. तिला पेरताना थोडं डीएपी आणि चांगलं कुजलेलं शेणखत दिलं की बास.

फळभाजीबद्दल 'नत्र कमी, पालाश जास्त' असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. संकरित टोमॅटोची शिफारस हेक्टरी ३००:१५०:१५० आहे, नत्र दुप्पट! खरा फरक वेळेचा आहे. लागवडीला नत्र निम्माच द्यायचा आणि उरलेला हप्त्याहप्त्यानं. सगळा एकदम दिला तर झाड नुसतं माजतं, फूल गळतं. फळं फुगायला लागली की १३:००:४५ चं पाकीट कामाचं. फवारायचं तर लिटरला ५ ग्रॅम. फळाचा बुडखा काळा पडून सडत असेल तर त्याचं उत्तर या तीन आकड्यांत नाही, ती कॅल्शियमची कमतरता असते आणि बऱ्याचदा पाणी अनियमित दिल्यानं होते. कॅल्शियम नायट्रेट दिलंत तर ते १२:६१:०० किंवा ००:५२:३४ सोबत एकाच टाकीत कालवू नका, साका तळाशी बसतो आणि ड्रिपर बुजतात.

जमिनीत पोसणाऱ्या मुळा, गाजर, बिटाला पहिला आकडा लहान आणि शेवटचा मोठा असलेलं खत बरं. नत्र वाढला की वर पाल्याचा झुपका आणि खाली गाजर केसाळ, फाटे फुटलेलं. कांदा वनस्पतिशास्त्रानं मूळ नव्हे, पण खताची रीत बरीचशी तीच, म्हणून एका गुंठ्याचा हिशेब त्याचाच मांडते.

कांद्याची शिफारस १००:५०:५०, म्हणजे गुंठ्याला १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, अर्धा किलो पालाश. २ किलो १०:२६:२६ घेतलं की स्फुरद आणि पालाश दोन्ही भागतात, वर २०० ग्रॅम नत्र मिळतो. लागवडीला निम्मा नत्र, म्हणजे ५०० ग्रॅम हवा. उरलेल्या ३०० ग्रॅमसाठी साधारण ६५० ग्रॅम युरिया. मग ३० आणि ४५ दिवसांनी प्रत्येक वेळी सव्वापाचशे-साडेपाचशे ग्रॅम युरिया. लागवडीचा हाच डोस १९:१९:१९ नं दिला तर साधारण २.६ किलो लागेल, आणि विद्राव्य खत मातीत टाकणं म्हणजे त्याच अन्नद्रव्यासाठी कितीतरी पट पैसे मोजणं. ते ड्रिप आणि फवारणीसाठीच ठेवावं.

मधला आकडा मोठा असलेलं दाणेदार खत नेहमी लागवडीच्या वेळी, मुळांजवळ मातीआड करावं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद जिथं पडतो तिथंच अडकतो. उभ्या पिकात वरून फेकलेलं डीएपी मुळांपर्यंत जवळजवळ पोचत नाही.

म्हणून तिन्ही प्रकारच्या भाज्या थोड्या थोड्या लावणार असाल तर मी १०:२६:२६ आणि युरिया घ्यायला सांगेन, टोमॅटो असेल तर सोबत १३:००:४५ चं एक पाकीट. माती परीक्षणात पालाश भरपूर निघाला तर १०:२६:२६ ऐवजी डीएपी चालेल. आणि कांदा चाळीत ठेवायचा असेल तर ६० दिवसांनंतर युरिया देऊ नका, पीक पिवळं दिसलं तरी. उशिराच्या नत्रानं मान जाड राहते, ती नीट सुकत नाही आणि चाळीत सड तिथूनच सुरू होते.