घसारा तक्ता तपासताना: स्थिर हप्ता की घटती शिल्लक?

सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्याचा एक माग घ्या: किंमत ४,००,०००, भंगारमूल्य ४०,०००, आयुष्य ९ वर्षे. स्थिर हप्त्यात घसारा दरवर्षी ४०,०००. तीन वर्षांनी शिल्लक २,८०,००० नसेल, तर वजाबाकी चुकली. संपला विषय.

घटत्या शिल्लकेत, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर १० टक्के दराने, पहिला आकडा तोच, ४०,०००. इथेच डोळा फसतो. पुढे ३६,००० आणि ३२,४०० हवेत. दुसऱ्या वर्षीही ४०,००० दिसले, तर टक्के मूळ किमतीवर काढलेत. मी प्रत्येक घसाऱ्याला आधीच्या घसाऱ्याने भागतो. ०.९ जिथे पहिल्यांदा मोडतो, चूक तिथेच. माग वर्षाच्या मध्यात घेतला असेल, तर मात्र ही कसोटी तिसऱ्या वर्षापासून लावायची.