एचआरला तक्रार: रागातलं पत्र की तारखांचं?

कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला होतो तेव्हा एकाच तक्रारीची दोन पत्रं लिहिलेली मी. पहिल्यात, "सगळं काम माझ्याच गळ्यात मारतात, साहेबांचे लाडके चहा पीत बसतात." झणझणीत आहे, पण एचआर यात तपासणार काय? उलट साहेब म्हणणार, हा जळतोय.

दुसऱ्यात एवढंच: "3 ते 14 मार्च, तिघांच्या टीमला 60 ऑर्डर आल्या, 38 मला, बाकी दोघांना 11-11. 10 मार्चला वाटप बदलायची मेलवर विनंती केली, आजपर्यंत उत्तर नाही."

हे रजिस्टर उघडून पडताळता येतं म्हणून मी हेच दिलं, फक्त एक खाच आहे, नुसता आकडा पुरत नाही, कारण त्या दोघांच्या ऑर्डरी मोठ्या असल्या तर साहेब तिथंच पकडतात, मग मी प्रत्येक ऑर्डरमध्ये किती आयटम होते तेपण जोडलं. मेलचे प्रिंटही लावले, कस्टमरचे रेट झाकून, नाहीतर गोपनीयतेवरून आपल्यालाच नोटीस यायची!

आणि शेवटी मागणी, दर सोमवारी वाटप शीटवर लिहून द्या. पहिल्या पत्रात मागणीच नव्हती, नुसता राग.