शिक्षेविरुद्ध अपील: आधी पद्धत मांडायची की प्रमाण?

शिक्षेचा आदेश हातात पडला की पहिले दोन दिवस रागात जातात आणि अपिलाचा पहिला मसुदा त्याच रागात लिहिला जातो. आस्थापना शाखेत असताना आणि पुढे सहकाऱ्यांचा बचाव सहाय्यक म्हणून बसताना असे बरेच मसुदे वाचले. बहुतेकांत दोन वेगळे मुद्दे एकाच परिच्छेदात कोंबलेले असतात. एक पद्धतीचा: चौकशी नियमाप्रमाणे झाली नाही. दुसरा प्रमाणाचा: चूक एवढीशी आणि शिक्षा केवढी. दोन्ही खरे असू शकतात, पण दोन्हींतून हाती पडणारी गोष्ट वेगळी असते. म्हणून पुढे कोणता ठेवायचा, हे आधी ठरवावं.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागू आहेत. (जिल्हा परिषदेचे नियम वेगळे, 1964 चे. तिथल्यांनी ते काढावेत.) अपिलाला मुदत 45 दिवसांची, आणि ती आदेशाची प्रत मिळाल्यापासून मोजतात. अपिलीय प्राधिकाऱ्याने तीन गोष्टी पाहायच्या असतात: कार्यपद्धती पाळली का आणि नसेल तर त्यामुळे न्याय डावलला गेला का; निष्कर्षाला पुरावा आहे का; शिक्षा पुरेशी, अपुरी की कडक.

एक प्रकरण तपशील बदलून सांगतो. तालुका पातळीवरच्या कार्यालयातला कनिष्ठ लिपिक, मूळ वेतन 30,200. आरोप दोन: 23 पत्रं आवक नोंदवहीत उशिरा चढवली, आणि चार दिवस रजा मंजूर नसताना गैरहजर. ज्ञापन नियम 10 खाली, म्हणजे किरकोळ शिक्षेचं. त्याने लेखी खुलासा दिला. चौकशी झालीच नाही. आदेश आला: ‘दोन वेतनवाढी कायमस्वरूपी रोखण्यात येत आहेत’. शेवटी एक ओळ होती, ‘यापूर्वीही ताकीद देऊनही वर्तनात सुधारणा नाही’. ज्ञापनात मात्र जुन्या ताकिदीचा उल्लेखच नव्हता.

पद्धतीच्या बाजूने हे प्रकरण भक्कम. वेतनवाढ कायमस्वरूपी, म्हणजे पुढच्या वेतनवाढींवर परिणाम होईल अशी रोखण्याची शिक्षा नुसत्या खुलाशावर देता येत नाही. त्यासाठी नियम 8 प्रमाणे दोषारोपपत्र, साक्षीदार, उलटतपासणी असं सगळं व्हावं लागतं. कुलवंत सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये अशी शिक्षा किरकोळ शिक्षेत बसत नाही, असं म्हटलं आहे. जुनी ताकीद शिक्षेचा आधार करायची तर ती आधी कर्मचाऱ्याला कळवून त्यावर त्याचं म्हणणं घ्यावं लागतं, हे तर 1963 च्या मांचे गौडा प्रकरणापासून माहीत आहे.

पण हा मुद्दा जिंकल्यावर काय मिळतं? आदेश रद्द होतो, आरोप तसेच राहतात. बहुतेक वेळा प्रकरण जिथे चुकलं त्या टप्प्यावर परत जातं. चौकशी अहवालाची प्रत न दिल्याबद्दलच्या 1993 च्या करुणाकर प्रकरणातही न्यायालयाने तेच सांगितलं: प्रत मिळाली नाही एवढ्यावर शिक्षा आपोआप जात नाही, त्यामुळे बचावाचं नेमकं काय नुकसान झालं ते दाखवावं लागतं, आणि ते दिसलं तरी कार्यवाही अहवालाच्या टप्प्यापासून पुन्हा करता येते. आमच्या लिपिकाच्या बाबतीत त्याचा अर्थ नियम 8 ची पूर्ण चौकशी. आरोप खोटे असतील तर ती हवीच. इथे नोंदवहीतल्या तारखा त्याच्याच अक्षरात होत्या.

प्रमाणाच्या मुद्द्याचा हिशेब वेगळा. 30,200 नंतरचे टप्पे 31,100 आणि 32,000. एक वेतनवाढ एका वर्षासाठी, पुढे परिणाम न होता रोखली, तर नुकसान 900 गुणिले 12, म्हणजे 10,800 रुपये अधिक महागाई भत्ता. दोन कायमच्या गेल्या, तर पहिल्या वर्षी 10,800 आणि नंतर दरवर्षी किमान 21,600. नोकरी 15 वर्षं उरली असेल तर नुसत्या मूळ वेतनात तीन लाखांच्या वर, शिवाय निवृत्तीच्या वेळचं मूळ वेतन कमी ते वेगळंच. हे आकडे अपिलात घालावेत. ‘शिक्षा अतिशय कठोर आहे’ या वाक्यावर अभिप्राय लिहिणारा ‘मान्य नाही’ लिहून मोकळा होतो. आकड्यांना उत्तर द्यावं लागतं. त्यांच्या शेजारी उशिरामुळे कुठल्या पत्राची मुदत चुकली का, शासनाचं आर्थिक नुकसान झालं का, तेही लिहावं. इथे दोन्हींचं उत्तर नाही असं होतं आणि आदेशातही तसा दावा नव्हता.

माझ्या मते निवडीत निर्णायक गोष्ट ही, की प्रमाणाचा मुद्दा अपिलात जितका चालतो तितका पुढे चालत नाही. अपिलीय प्राधिकारी शिक्षा सरळ कमी करू शकतो. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, किंवा उच्च न्यायालयात गेलात की 1995 च्या चतुर्वेदी प्रकरणाची कसोटी आडवी येते: शिक्षा सदसद्विवेकाला धक्का देणारी असेल तरच हात घालायचा. दोन वेतनवाढींनी सहसा कुणाला धक्का बसत नाही. पद्धतीची चूक मात्र अपिलात नोंदवून ठेवली तर वरही तितकीच ठळक राहते.

म्हणून आरोप मुळातच नाकबूल असतील तर पद्धत आणि पुरावा पुढे, प्रमाण शेवटी ‘दोषारोप सिद्ध मानले तरी’ या शब्दांनी. चूक कागदावर दिसत असेल तर विनंतीत प्रमाण पुढे. आमच्या लिपिकाने शिक्षा ‘ठपका’ किंवा ‘एक वेतनवाढ, एक वर्ष, भावी वेतनवाढींवर परिणाम न होता’ अशी बदलून मागितली आणि ते अमान्य झाल्यास आदेश रद्द करण्याची पर्यायी विनंती केली. यात सोय अशी, की मागितलेली शिक्षा नियम 10 मध्ये बसते, त्यामुळे वरिष्ठाला फेरचौकशी न लावता चूक दुरुस्त करता येते. धोकाही आहे. अपिलात शिक्षा वाढूही शकते, अर्थात आधी नोटीस देऊनच. गंभीर आरोपात हलकी शिक्षा मिळालेल्याने प्रमाणाचा विषय काढू नये.

आता भाषा. अपिलात अनादराची किंवा अनुचित भाषा नसावी आणि ते स्वयंपूर्ण असावं, हे नियमातच आहे. त्यामागे व्यवहारही आहे. अपील ज्याने शिक्षा दिली त्याच्याच कार्यालयातून, त्याच्या परिच्छेदनिहाय अभिप्रायासह वर जातं. लिपिकाच्या पहिल्या मसुद्यात होतं: ‘साहेबांनी आकसाने माझ्या लेकराबाळांच्या तोंडचा घास हिरावला.’ यावर अभिप्राय एका ओळीत होतो: ‘आकसाचा पुरावा नाही.’ बदललेलं वाक्य असं: ‘ज्ञापन नियम 10 खालील आहे. आदेशातील शिक्षा भावी वेतनवाढींवर परिणाम करणारी आहे. नियम 8 नुसार चौकशी झालेली नाही.’ तीन वाक्यं, तिन्ही नस्तीतून पडताळता येणारी. मूळ मसुद्यातलं ‘घोर’, ‘सरासर’, ‘जाणीवपूर्वक’ काढलं तेव्हा साडेपाच पानांची अडीच झाली.

अपील देताना आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर मॅटचा दरवाजा उघडतो आणि तिथून पुढे एक वर्षाची मुदत सुरू होते. ते सहा महिने त्याच शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजले जातात.