वेतनकराराची मराठी पुस्तिका: दहा महिने वापरून झाल्यावर

नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या कारखान्यात तीन वर्षांचा वेतनकरार झाला. इंग्रजी प्रत चौतीस पानांची. ती मराठीत आणायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात मारलं, कारण बारावीला इंग्रजीत बरे मार्क होते हे मी कधीतरी टपरीवर बोलून बसलो होतो. अकरा रात्री जागून पुस्तिका केली, युनियनने छापून वाटली. दहा महिन्यांत ती भरपूर वापरली गेली, आणि तिच्यातल्या चुका एकेक करून माझ्याच दारात आल्या. हे परीक्षण म्हणूनच मी लिहितोय.

आधी जे चांगलं निघालं ते. पहिल्या खर्ड्यात ‘थकबाकी’ असा शब्द होता. टूल रूममधल्या एकाने वाचलं आणि विचारलं, “आपल्याकडून कसली वसुली आहे?” बरोबरच होतं त्याचं. थकबाकी म्हटलं की माणसाला वीजबिल आठवतं, सोसायटीचं कर्ज आठवतं. शॉपवर सगळे ‘फरक’ म्हणतात, ‘फरक कधी पडणार’ असं विचारतात. पुस्तिकेत सगळीकडे ‘फरक’ केलं, आणि त्या शब्दावर पुन्हा कुणी अडखळलं नाही.

दुसरं म्हणजे तारखांचं पान. इंग्रजी करारात तारखा कलमाकलमांत विखुरलेल्या आहेत. मी त्या एका पानावर आणल्या आणि प्रत्येक रकमेपुढे दोन रकाने केले: ‘कधीपासून लागू’ आणि ‘कोणत्या पगारात हातात’. पुस्तिकेत सगळ्यात जास्त मळलेलं पान तेच आहे.

त्याचा उपयोग फरकाच्या वेळी कळला. पहिल्या वर्षाची वाढ महिना ८,००० रुपये, लागू १ एप्रिल २०२४ पासून, सह्या १४ नोव्हेंबरला. नोव्हेंबरचा पगार नव्या दराने होणार होता, म्हणून फरक एप्रिल ते ऑक्टोबर, सात महिन्यांचा. सगळ्यांनी आठ साते छप्पन्न असा हिशोब मांडला होता. काहींनी तर ५६,००० रुपयांच्या भरवशावर गाडीचं बुकिंगही केलं होतं. पण वाढीतले फक्त बेसिकचे ३,२००, घरभाड्याचे १,६०० आणि शिक्षण भत्त्याचे १,००० मागच्या तारखेपासून होते. वाहतूक भत्त्याचे १,४०० आणि हजेरी भत्त्याचे ८०० ‘सह्या झाल्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेपासून’, म्हणजे १ डिसेंबरपासून. म्हणून फरक ५,८०० गुणिले सात, ४०,६००. त्यातून बेसिकच्या २२,४०० वर बारा टक्के पीएफ, २,६८८ गेले. हातात आले ३७,९१२. रक्कम बघून लोक चिडले, पण फसवलं असं कुणी म्हटलं नाही. पान उघडून ज्याचं त्याने जुळवून घेतलं. इंग्रजी वाक्यातलं ते ‘नंतरच्या महिन्याच्या’ मी जरा सैल लिहिलं असतं, तर युनियन ऑफिसात वेगळाच महिना गेला असता.

आता चुका.

पहिली चूक मराठीच्या हौसेची. भत्त्यांच्या तक्त्यात सगळी नावं मी शुद्ध मराठीत केली. पगार स्लिपवर मात्र `CONV` छापलेलं असतं, आणि `LTA` वेगळा. मी एकाला वाहतूक भत्ता म्हटलं, दुसऱ्याला प्रवास भत्ता. डिसेंबरच्या स्लिपनंतर लोक विचारत आले की ह्यातला कुठला कुठला? तक्ता वाचणारा माणूस एका हातात स्लिप धरून वाचतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता तक्त्याचा पहिला रकाना स्लिपवरचं अक्षर जसंच्या तसं, आणि मराठी नाव त्याच्या शेजारी.

दुसरी चूक पैशाची. करारात काही भत्ते ‘पगारी दिवसांवर’ आहेत आणि काही ‘प्रत्यक्ष हजर दिवसांवर’. इंग्रजीत दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. मी रात्री दीडच्या सुमारास दोन्हीकडे ‘हजर दिवस’ लिहून मोकळा झालो. पगारी दिवसांत भरपगारी रजा येते, हजर दिवसांत येत नाही. जानेवारीत प्रेस शॉपमधल्या एकाने सहा दिवस मंजूर रजा घेतली. स्लिपवर घरभाडं पूर्ण, वाहतूक भत्ता मात्र ३२३ रुपयांनी कमी. हिशोब कंपनीचा बरोबर होता: १,४०० भागिले २६, गुणिले सहा. पण पुस्तिकेप्रमाणे दोन्ही कापायला हवे होते, किंवा एकही नाही. टाइम ऑफिसचा क्लार्क हसून म्हणाला, “तुमच्याच पुस्तकाप्रमाणे घरभाडंही कापू का?” मी गप्प बसलो. सुरुवातीला ‘वाद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य’ अशी ओळ टाकली होती म्हणून निभावलं.

तिसरी चूक मला अजून टोचते. आमचे एक काका ३१ ऑगस्ट २०२४ ला रिटायर झाले, एकतीस वर्षं नोकरी. कलम असं होतं की सह्यांच्या दिवशी सेवेत असलेल्यांना करार लागू. आणि पुढचं वाक्य, ‘वर काहीही म्हटलेलं असलं तरी’ १ एप्रिलनंतर निवृत्त झालेल्यांना त्यांच्या काळापुरता फरक आणि सुधारित बेसिकवर ग्रॅच्युइटी मिळेल. मी त्या ‘नॉटविथस्टँडिंग’चं भाषांतर केलं ‘वरील तरतुदीस बाधा न येता’. सरकारी कागदांत वाचलेलं होतं, भारदस्त वाटलं. अर्थ नेमका उलटा झाला: पहिलं वाक्य कायम, म्हणजे जो सेवेत नाही तो बाहेर. काकांनी वाचलं, समजले की आपलं काही नाही, आणि घरी बसून राहिले.

मार्चमध्ये लग्नात भेटले तेव्हा सहज विषय निघाला. पाच महिन्यांचे २९,००० राहिले होते. ग्रॅच्युइटीत ३,२०० गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले एकतीस, म्हणजे ५७,२३१ रुपये. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन मी स्वतः एचआरकडे गेलो. पैसे मे महिन्यात मिळाले. काका एका शब्दाने बोलले नाहीत. काकू मात्र बोलल्या, आणि बोलायलाच हव्या होत्या.

एक गोष्ट ठरवून मोडकी ठेवली होती, ती बरी ठरली. कलमांचे आकडे आणि क्रम मी बदलले नाहीत, वाक्य कितीही लांबलं तरी. आमचा करार समेट अधिकाऱ्यासमोर, औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम १२(३) आणि १८(३) खाली झालेला, त्यामुळे तो युनियनचे सभासद नसलेल्यांनाही लागू आहे. तेही पुस्तिका मागून नेतात. एचआरच्या टेबलावर ‘कलम ९ क’ म्हटलं की इंग्रजी प्रतीत तेच निघतं.

दुसरी आवृत्ती जूनमध्ये काढली. तिच्यात एक जागा मोकळी आहे. हजेरी भत्ता एकही खाडा नसेल तर ८००, एक असेल तर ५००, दोन असतील तर ३००. अर्ध्या दिवसाचं काय, हे इंग्रजीतच लिहिलेलं नाही. पहिल्या आवृत्तीत मी ‘अर्धा दिवस धरू नये’ असं स्वतःच घालून दिलं होतं. ते खोडलं. आता तिथे फक्त ‘करारात उल्लेख नाही, कंपनीला पत्र दिलं आहे’ एवढंच आहे. उत्तर अजून यायचंय.